मदत हवी आहे: नणंदेच्या बाळाला रोज सांभाळायला नाही कसं सांगू?

कांदिवलीकर:
धाकटी नणंद बोरिवलीला राहते, आम्ही कांदिवलीला. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे. 26 आठवड्यांची रजा महिनाअखेर संपतेय आणि ऑफिस चर्चगेटला. रविवारी जेवायला आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तू घरीच असतेस ना, मग सोमवार ते शुक्रवार पिल्लूला तुझ्याकडेच ठेवते. साडेआठला सोडेन, सातला नेईन."

मी घरून जीएसटीचे रिटर्न भरते, 19 दुकानदारांचे. 11 आणि 20 तारखेच्या आधी मान वर करायला वेळ नसतो. मुलगा चौथीत, तो दुपारी एक वाजता येतो. मी त्या वेळी "बघू" म्हणाले, तिने तो होकार धरला. गावी सासूबाईंनाही सांगून झालंय. अडीनडीला मला तिच्या पाठीशी उभं राहायचंच आहे, पण रोज नाही जमणार. नातं न दुखवता कसं सांगू?

आंबेमोहर:
कांदिवली पूर्वेला एक-दोन चांगली पाळणाघरं आहेत असं ऐकलंय. बाळाचं वय कळवा, चौकशी करून सांगते.

कांदिवलीकर:
धन्यवाद ताई, पण पाळणाघर मला नकोय, नणंदेला लागेल. माझा प्रश्न तिला नाही कसं म्हणायचं हा आहे.

सरळवाट:
भांडणच नको. कायद्याने आता प्रत्येक ऑफिसला पाळणाघर ठेवावंच लागतं. नणंदबाईंना सांगा, बाळाला ऑफिसात घेऊन जा.

पाळणाघरवाली_मावशी:
प्रत्येक नाही हो. 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच. तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, तेव्हा नणंदेने एचआरला विचारावं जरूर. पण बोरिवलीहून सकाळच्या गर्दीत पाच महिन्यांचं बाळ घेऊन चर्चगेट लोकल? माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याच आईला ते झेपलं नाही.

कांदिवलीकर, मी पार्ल्यात 14 वर्षं पाळणाघर चालवलं. "वहिनी सांभाळणार होती, ऐनवेळी नाही म्हणाली" असं सांगत रडवेल्या आलेल्या आया पाहिल्यात. नकारापेक्षा त्याला झालेला उशीर जास्त लागतो. नव्या जागी बाळ रुळायला दोनेक आठवडे जातात. आधी आईसोबत तासभर, मग आईशिवाय दोन तास, मग अर्धा दिवस. हे सगळं रजा संपायच्या आत व्हायला हवं. म्हणून आजच बोला, आणि तिच्याशीच बोला. नवऱ्याकरवी किंवा सासूबाईंकरवी निरोप गेला की त्याचा अर्थ बदलतो.

कारण मोजकं द्या. "काम असतं" म्हणालात की ती म्हणेल, "तो झोपला की कर." "महिनाभर बघू" तर अजिबात नको. महिन्याने बाळ तुमच्या अंगावर रुळलेलं असेल आणि तेव्हाचा नकार दोघींना जड जाईल.

मदत कुठे करायची तेही सांगते. पाळणाघर ताप आलेलं मूल घेत नाही आणि पहिल्या वर्षात बाळं वरचेवर आजारी पडतात. आईची नोकरी खरी तिथे अडते. ते दिवस तुम्ही घ्या, पण आकडा ठरवून.

गिरगावची_आजी:
मी नातीला सहा वर्षं रोज सांभाळलं. कंबर गेली, पण तिचं पहिलं पाऊल मी पाहिलं. घरचं माणूस असताना परक्याकडे बाळ ठेवायचं, हे मला पटत नाही.

कांदिवलीकर:
आजी, तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही. पण तुम्ही ते मनापासून घेतलंत. मी अडकल्यासारखं करेन आणि ते बाळाला कळेल.

आज फोन केला. म्हटलं, "रविवारी मी बघू म्हणाले, ते चुकलं. पिल्लूला रोज सांभाळणं मला जमणार नाही, आताही नाही आणि पुढेही नाही. तुला दुसरी सोय बघायला वेळ मिळावा म्हणून आजच सांगतेय." बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आईला काय सांगू?" मी म्हटलं, मी बोलेन त्यांच्याशी. त्यानंतरच मदतीचं काढलं: महिन्यातले दोन दिवस, तो आजारी असेल किंवा पाळणाघर बंद असेल तेव्हा, फक्त 9 ते 11 आणि 18 ते 20 तारखा सोडून. "ठीक आहे" म्हणाली, पण आवाज रडवेला होता.

पाळणाघरवाली_मावशी:
क्रम बरोबर ठेवलात. नकार आणि मदत एका वाक्यात आली असती तर तिने फक्त मदत ऐकली असती. आता एकच लक्षात ठेवा. "आजच्या दिवस घे ना" असा फोन लागोपाठ तिसऱ्या सोमवारी आला, तर तो आजारपणाचा दिवस राहिलेला नाही, रोजची सोय व्हायला लागलीय. तेव्हाच बोला.

सरळवाट:
आणि बाळाला 104 ताप असेल आणि तारीख 19 असेल तर?

कांदिवलीकर:
तेव्हा बहुधा मी लॅपटॉप बंद करेन. याचं उत्तर माझ्याकडे नाही अजून.

शनिवारी आम्ही दोघी मिळून बोरिवली स्टेशनजवळची दोन पाळणाघरं बघायला जातोय, तिनेच विचारलं. सासूबाईंनी मात्र आज फोन उचलला नाही.