विषय: खोकल्याच्या तीन बाटल्या, लेबलवरची यादी कशी वाचायची?

वैशाली:

नमस्कार मंडळी,

बाबा नागपूरला, प्रतापनगरात. वय ७६. बीपीची गोळी चालू आहे आणि रात्री प्रोस्टेटची एक. गेले काही आठवडे कोरडा खोकला आहे. काल व्हिडिओ कॉलवर टेबलावर तीन बाटल्या दिसल्या आणि आई म्हणाली, "तिन्ही घेऊन राहिले." लेबलांचे फोटो मागवले. "प्रत्येक ५ मिलीमध्ये" या ओळीखाली जे छापलंय ते जसंच्या तसं देते.

पहिली: डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड १० मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन मॅलिएट २ मिग्रॅ, फेनिलेफ्रिन ५ मिग्रॅ. १० मिली, दिवसातून तीनदा.

दुसरी: अँब्रॉक्सॉल ३० मिग्रॅ, लेव्होसाल्ब्युटामॉल १ मिग्रॅ, ग्वायफेनेसिन ५० मिग्रॅ. ५ मिली, तीनदा.

तिसरी: कोडीन फॉस्फेट १० मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन मॅलिएट ४ मिग्रॅ. ही जुनी आहे, कपाटातली. रात्री झोपताना १० मिली.

मला वाटतं पहिल्या दोन्ही कफ पातळ करणाऱ्या असाव्यात, कारण पहिलीत "ब्रोमाइड" आहे आणि ब्रोमहेक्सिन कफाचं असतं एवढं ऐकून आहे. बरोबर आहे का? यातली कुठली ठेवू आणि कुठली बंद करायला सांगू?

सुधीरकाका:

वैशाली, एवढी यादी वाचायची गरज नाही. नावापुढचं अक्षर पाहायचं. "डी" असेल तर ड्राय, म्हणजे कोरड्या खोकल्याचं. "एलएस" किंवा "एक्स" असेल तर कफाचं. आणि कोडीनच्या बाटलीवर लाल चौकट असते, ती दिसली की ती रात्रीची समजायची. सीताबर्डीवरचे मेडिकलवालेही असंच सांगतात.

अनघा:

सुधीरकाका, लाल चौकटीचं अर्धं बरोबर आहे, अक्षरांचं मात्र धरून चालू नका. "डी" एका कंपनीकडे डेक्स्ट्रोमेथॉर्फनसाठी असतो, दुसरीकडे डायफेनहायड्रामिनसाठी. एकाच ब्रँडच्या नावाखाली तीन-चार बाटल्या निघतात आणि त्यांतले घटक एकमेकांशी जुळतीलच असं नाही. "प्लस" या शब्दावरून तर काहीच कळत नाही. लाल चौकट शेड्यूल एच वनची. कोडीन त्या यादीत आहे, पण त्याच यादीत काही अँटिबायोटिक्सही आहेत. चौकट दिसली की मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून नोंद ठेवायची, एवढाच तिचा अर्थ. आत काय आहे ते घटकांच्या ओळीतच वाचावं लागतं.

आता वैशालीचा "ब्रोमाइड". औषधाचं नाव म्हणजे पहिला शब्द. हायड्रोब्रोमाइड, मॅलिएट, फॉस्फेट, हायड्रोक्लोराइड हे त्याचं क्षाराचं रूप सांगणारे शब्द, वर्गीकरण करताना ते झाकून वाच. झाकलंस की पहिल्या बाटलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन उरतं. ते खोकला दाबणारं, मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करणारं. ब्रोमहेक्सिन वेगळंच औषध आहे. ते कफ पातळ करतं आणि अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून बनवलेलं आहे. म्हणजे तुझी पहिली बाटली कफाची नाही, कोरड्या खोकल्याची आहे.

दुसरी फसगत "लेव्हो"ची. लेव्होसाल्ब्युटामॉल श्वासनलिका सैल करतं. लेव्होड्रोप्रोपिझिन आणि लेव्होक्लोपेरास्टिन खोकला दाबतात. लेव्होसेटिरिझिन अ‍ॅलर्जीचं. चार औषधं, चारही "लेव्हो", कामं तीन. म्हणून "लेव्हो" झाकायचा आणि पुढचा भाग वाचायचा. "साल्ब्युटामॉल" किंवा "टर्ब्युटालिन" दिसलं की ती दम्याच्या वळणाची बाटली, हाताला कंप आणि छातीत धडधड होऊ शकते. बाबांना घरघर नाही, दमा नाही, तर दुसऱ्या बाटलीतला तो घटक त्यांना कशाला?

अँब्रॉक्सॉल कफ पातळ करतं, ग्वायफेनेसिन कफ सुटायला मदत करतं. पण आकडा बघ. मोठ्या माणसाला ग्वायफेनेसिन एका वेळेला २०० ते ४०० मिग्रॅ देतात, या बाटलीतून जातं ५०. नाव छापलंय म्हणून काम होतंच असं नाही. घटकाबरोबर मिलिग्रॅम वाचायची सवय म्हणूनच लावायची.

आता बेरीज, आणि खरी काळजी तिथेच आहे. क्लोरफेनिरामिन पहिलीत आहे आणि तिसरीतही आहे.

पहिली: ५ मिलीत २, म्हणून १० मिलीत ४, तीनदा म्हणजे १२ मिग्रॅ. तिसरी: ५ मिलीत ४, म्हणून १० मिलीत ८. दिवसाची बेरीज २०. ब्रिटिश औषधसूचीत वृद्धांसाठी दिवसाची कमाल १२ आहे. पहिलीचा तिसरा डोस रात्री तिसरीबरोबरच घेत असतील तर एका वेळेलाच १२ पोटात जातात.

हे अ‍ॅलर्जीचं जुनं औषध. गुंगी आणतं, तोंड कोरडं करतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवू शकतं. त्यावर कोडीन, तेही गुंगी आणणारं आणि श्वास मंद करणारं. खोकला दाबायला डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिवसभर आणि रात्री वर कोडीन, म्हणजे एकाच कामाची दोन औषधं. शिवाय फेनिलेफ्रिन नाकासाठी असतं, ते दिवसाला ३० मिग्रॅ जातंय आणि बाबा बीपीचे. तिसरी बाटली आजपासून बंद असं मी सांगेन. बाकी दोन्हींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना ही यादी दाखवा. तिसरीची एक्स्पायरी काय आहे?

रश्मी:

अनघाताई, माझा प्रश्न याच यादीवरून. नणंदेचा मुलगा पावणेचार वर्षांचा, नागपूरलाच असतो. छिंदवाड्याला खोकल्याच्या विषारी सिरपने लहान मुलं दगावली, त्यातली कितीतरी मुलं नागपूरच्याच हॉस्पिटलात होती. तेव्हापासून घरात कुठलंही सिरप आलं की भीती वाटते. घटकांच्या यादीत "डायएथिलीन ग्लायकॉल" शोधायचं का?

अनघा:

रश्मी, ते यादीत कधीच दिसणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तपासलेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, आणि त्याच्या लेबलवर पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन एवढंच होतं, म्हणजे नेहमीचीच यादी. विष घटक म्हणून घातलेलं नसतं, ते औषध विरघळवणाऱ्या द्रवातून शिरतं. वास, चव, रंग यांवरून ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. बॅच नंबर सरकारी इशाऱ्यांशी ताडून पाहता येतो, पण इशारा निघेपर्यंत उशीर झालेला असतो. यादी वाचून तुला औषधाचा प्रकार कळेल, शुद्धता कळणार नाही.

मुलाच्या वयाबद्दल मात्र यादी उपयोगी पडते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं गेलं. नंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊच नका आणि ५ वर्षांखाली सहसा नकोत असं कळवलं. पावणेचार वर्षांचा मुलगा, म्हणजे हे दोन्ही त्याला लागू. मूल सिरप घेतंय आणि लघवी कमी होतेय किंवा उलट्या थांबत नाहीत असं दिसलं, तर सिरप थांबवून बाटलीसकट हॉस्पिटल गाठायचं.

वैशाली:

अनघाताई, तिसरीची एक्स्पायरी २०२४ मध्येच गेलीय. आईने बाटली वेगळी ठेवलीय. बद्धकोष्ठाची तक्रार महिनाभर आहे आणि सकाळी दहापर्यंत झोप उतरत नाही, हे तिने आत्ता सांगितलं.

अनघा:

बद्धकोष्ठ कोडीनशी जुळतं आणि सकाळची झोप दोन्हींशी. कोडीन नि क्लोरफेनिरामिनच्या या जोडीवर जून २०२३ मध्ये केंद्राने बंदी घातली, ही बाटली त्याआधीची असावी. आता कुणी तसंच काही आणून दिलं तर घेऊ नका. बाबांनी किती दिवस सलग घेतली ते डॉक्टरांना नक्की सांग. बरेच दिवस रोज घेतली असेल तर थांबवताना त्रास होतो का, याकडे ते लक्ष ठेवतील.

मिलिंद:

दोन मुद्दे.

दाबणारं आणि सोडणारं औषध एकत्र घेणं म्हणजे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबणं, असं सगळे म्हणतात. पण अमेरिकेत डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि ग्वायफेनेसिन एकाच बाटलीत, चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतं. कोरड्या खोकल्यात थोडा चिकट कफ असला तर त्यात अर्थ आहे असं मला वाटतं. भारतात मात्र अमोनियम क्लोराइड घालून केलेल्या अशा काही मिश्रणांना त्याच २०२३ च्या यादीत बंदी आली.

दुसरा जास्त महत्त्वाचा. वैशाली, बीपीची गोळी कुठली? रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे नाव "प्रिल"ने संपत असेल, तर कोरडा खोकला गोळीचाच असू शकतो. तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होतो, आणि कुठलंही सिरप त्याला पुरत नाही. तिन्ही बाटल्या घेऊनही खोकला तसाच राहिलाय, म्हणून विचारतोय. आणखी एक, उदासीची किंवा काळजीची काही गोळी चालू आहे का? फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, सेरट्रालिन यांच्याबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन नको.

अनघा:

मिलिंद, दोन्ही प्रश्न आधी विचारायला हवे होते. मिश्रणाबद्दल मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. माझ्या मते एका वेळी एकच घटक घ्यावा, म्हणजे काय लागू पडलं आणि काय बाधलं ते कळतं. तिथे चिठ्ठीशिवाय मिळतं यावरून औषध उपयोगी आहे एवढंच ठरत नाही.

सुधीरकाका:

मग अडुळशाचं आयुर्वेदिक सिरप तरी चालेल ना? त्यात काही रसायन नाही.

अनघा:

काका, त्याचीही मागची बाजू वाचा. काहींत अडुळशाबरोबर ज्येष्ठमध असतं, आणि ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं. मध किंवा साखरही असते. वैशालीच्या बाबांना मी तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायला सांगणार नाही.

वैशाली:

गोळीचं पाकीट सापडलं. रामिप्रिल ५ मिग्रॅ, दिवाळीनंतर सुरू केलेली. उदासीची गोळी नाही. आईला सांगितलंय, गोळी आपण बंद करायची नाही, सोमवारी धंतोलीला डॉक्टरांकडे पाकीट आणि तिन्ही बाटल्या न्यायच्या. दुसरी बाटली तोपर्यंत चालू ठेवू की बंद, यावर अनघाताई आणि मिलिंद दोघंही सांगा.

मिलिंद:

घरघर नसेल तर मी सोमवारपर्यंत थांबवेन. ताप, रक्त किंवा धाप असेल तर सोमवारची वाट पाहू नका.

अनघा:

मीही थांबवेन. आणि पहिलीही. आईला प्रत्येक बाटलीवर स्केचपेनने लिहायला सांग: "दाबणारं", "कफाचं", "कोडीन, घ्यायचं नाही". डॉक्टरांनी नवीन काही दिलं तर त्याची घटकांची ओळ आधी इथे टाक.