मदत हवी आहे: १४६४ बाइटला पिंग जातं, १४६५ ला अडतं

नमस्कार मंडळी. नेटवर्किंग शिकतोय. थर एकमेकांच्या आत डोकावत नाहीत, हे पाठ झालं होतं. मग घरच्या ब्रॉडबँडवर हे चालवलं:

```
ping -c 1 -M do -s 1464 1.1.1.1
```

उत्तर आलं. १४६५ केलं की राउटरकडून येतं: `Frag needed and DF set (mtu = 1492)`.

हिशोब मी असा मांडला. १४६४ बाइट माझा डेटा, त्यावर आयसीएमपीचं ८ बाइटचं हेडर, त्यावर आयपीचं २०. झाले १४९२. लॅपटॉप त्याला १४ बाइटचं इथरनेट हेडर लावतो, म्हणून वायरशार्कमध्ये फ्रेम १५०६ दिसते. राउटर ते इथरनेट हेडर काढून टाकतो आणि कंपनीकडे पाठवताना पीपीपीओईचे ८ बाइट जोडतो. इथरनेटच्या पोटात १५०० च मावतात, म्हणून आयपीच्या वाट्याला १४९२. इथवर बरोबर आहे ना?

आता खरी अडचण. लॅपटॉपच्या इंटरफेसवर एमटीयू १५०० च आहे. पुढे पीपीपीओई आहे हे त्याला कुठून कळणार? आणि राउटरचा तो निरोप वाटेत एखाद्या फायरवॉलने गिळला तर? काही साइट्स जोडल्या जातात पण पान अर्धवट लटकतं, ते यामुळेच का? राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ दिसतंय, म्हणजे तो चक्क टीसीपीचं हेडर उघडून आकडा बदलतो (१४५२ करतो म्हणे). मग थरांची शिस्त राहिली कुठे? कुणी नीट उलगडून सांगेल का?