मदत हवी: घरून अर्धवेळ काम, टेस्टमध्येच अडकतेय (रावेर)

पल्लवी_रावेर: तीन महिने झाले, नोकरी, लिंक्डइन, इंटर्नशाला सगळीकडे अर्ज करतेय. साठेक झाले असतील. एका ठिकाणी टेस्ट आली, नापास. रविवारी दुसरी आहे. शिवाय एका डेटा एंट्रीवाल्याचा सारखा फोन येतोय. काय करू? लवकर सांगा.

तापीकाठ: टेस्ट कशाची होती? काम कोणतं? लॅपटॉप आहे की मोबाइल?

धुळेकर_अण्णा: बेटा, जळगाव एमआयडीसीत अकाउंटला माणसं लागतात, तिथे जाऊन भेट. घरबसल्या कामाच्या मागे कशाला?

पल्लवी_रावेर: अण्णा, मुलगी दोन वर्षांची आहे, जळगाव रोज जमणार नाही, म्हणून तर घरून विचारतेय. एक्सेलची टेस्ट हो. लॅपटॉप आहे. ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डर आणि आलेले पैसे जुळवायचं काम, संध्याकाळी चार तास. दोन शीट दिल्या होत्या. VLOOKUP लावला तर अर्ध्या ओळींत #N/A. नंबर डोळ्यांना दिसत होते, दोन्हीकडे तेच!

अमळनेरी: शेवटी FALSE टाकलं नसेल. माझंही असंच व्हायचं.

तापीकाठ: FALSE विसरलं तर बहुतेक वेळा उत्तर चुकीचं येतं, आणि ते कळतही नाही. इथे निम्म्याच ओळी बिघडल्यात. पल्लवीताई, एक बघा: एका शीटमधले ऑर्डर नंबर सेलच्या डावीकडे चिकटलेले होते का, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण?

पल्लवी_रावेर: हो! काही डावीकडे, काही उजवीकडे. मला वाटलं नुसती मांडणी बिघडलीय.

तापीकाठ: तीच खोच. डावीकडचे नंबर मजकूर म्हणून साठवलेत, उजवीकडचे खरे आकडे. एक्सेलला 4512 हा आकडा आणि 4512 हा मजकूर वेगळे. टेस्ट काढणारे हे मुद्दाम करतात, कारण वेबसाइटवरून उतरवलेली फाइल रोज अशीच येते. दुसऱ्या शीटमध्ये खरे आकडे असतील तर:

```
=VLOOKUP(VALUE(TRIM(A2)),Sheet2!A:C,3,FALSE)
```

TRIM पुढच्या-मागच्या जागा काढतं, VALUE मजकुराचा आकडा करतं. मग उरलेले #N/A खरोखरच न सापडलेले. ते लपवू नका, वेगळ्या शीटवर काढून 'या ऑर्डरचे पैसे आलेले नाहीत' असं लिहा. मी भुसावळहून हेच काम करतो. माझी निवड त्या यादीवर झाली, फॉर्म्युल्यावर नाही.

अमळनेरी: आणि पैसे मागणारा प्रत्येकजण चोर, हे लक्षात ठेवा. अपवाद नाही.

तापीकाठ: एवढं सरसकट नाही हो. अपवर्कवर अर्ज करायला कनेक्ट्स लागतात, संपले की विकत घ्यावे लागतात, आणि ते काही फसवणूक नाही. मात्र काम देणाराच नोंदणीचे पैसे मागत असेल तर थांबायचं. ताई, तो डेटा एंट्रीवाला काय मागतोय?

पल्लवी_रावेर: 1,800 रुपये, 'परत मिळतील' म्हणे. आधी करारावर सही.

तापीकाठ: सही करू नका! या प्रकारात पुढे 'अचूकता कमी पडली' म्हणत वकिलाच्या नावाने नोटीस येते आणि दंड मागतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन, नाहीतर cybercrime.gov.in. खरी कंपनी ओळखायची तर जाहिरातीतलं पद तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का बघा, आणि मेलचा पत्ता त्याच वेबसाइटच्या नावाचा आहे का.

अमळनेरी: माझ्या भाच्याकडून टेस्ट म्हणून 400 ओळींचं खरं काम करून घेतलं, मग उत्तरच नाही.

तापीकाठ: तासाभराची, बनावट डेटाची टेस्ट ठीक. तीन दिवस चालणारी असेल तर मोबदला विचारायचा. पल्लवीताई, साठ अर्जांना एकच बायोडेटा का?

पल्लवी_रावेर: हो. बी.कॉम., एमएससीआयटी, 'मेहनती आणि प्रामाणिक'. अनुभव काही नाही. काकांच्या केळीच्या व्यापारात चार वर्षं हिशोब बघितला, पण ती काही नोकरी नाही ना.

तापीकाठ: अहो, हेच तर काम! तिथे काय जुळवायच्या?

पल्लवी_रावेर: ट्रकच्या काट्याच्या पावत्या आणि व्यापाऱ्याकडून आलेले पैसे. हंगामात दिवसाला पंधरा ट्रक. वजनात घट लावलेली असायची, ती शोधायची.

तापीकाठ: मग पहिली ओळ अशी लिहा: 'रोज पंधरा ट्रकच्या वजनपावत्या आणि आलेली रक्कम जुळवून तफावत काढली, चार वर्षं.' जाहिरातीत 'रिकन्सिलिएशन' लिहिलं असेल तर तोच शब्द तुमच्या अर्जात हवा.

धुळेकर_अण्णा: केळीला सध्या काय भाव चालू आहे तिकडे?

पल्लवी_रावेर: अण्णा, भाव नंतर! तापीकाठ भाऊ, जुन्या फाइलवर लावून बघितलं. बरेच आले, पण सात ओळींत आता #VALUE! येतंय.

तापीकाठ: वेबवरून आलेली न दिसणारी जागा असेल, ती TRIM ला निघत नाही. A2 च्या जागी हे टाका:

```
SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")
```

पल्लवी_रावेर: सहा आल्या! सातवीत नंबरच्या पुढे 'ए' आहे. ती काय करू, यादीत टाकू की हाताने बदलू?