हाताच्या एक्स-रेचा फोटो पाहून किती सांगावे?

आभा: माझा नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला आणि डाव्या हाताची कोपर व मनगट यांमधली दोन्ही हाडे मोडली. हाडे बसवून प्लास्टर घातले, त्याला आज तीन आठवडे झाले. नव्या एक्स-रेत मोडल्याची काळी रेघ आधीपेक्षा रुंद दिसते आणि हाड किंचित वाकलेले वाटते. डॉक्टर मात्र "छान भरतंय" म्हणाले. फोटो जोडला आहे. काय पाहून ते असे म्हणत असतील?

वसंत: अशा फोटोवर कोणीही मत देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून मोबाइलने तिरकी टिपलेली आहे, त्यामुळे वाक खरा किती आणि कॅमेऱ्याने आणलेला किती हे कळण्याचा मार्ग नाही. शिवाय हा एकाच बाजूचा फोटो आहे. समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहिल्यावर चांगलेच कललेले निघू शकते.

निवृत्त अस्थितज्ज्ञ: फोटोबद्दलचे आक्षेप रास्त आहेत आणि हाड जुळले की नाही हे मीही सांगणार नाही. परंतु डॉक्टर काय पाहतात हे सांगणे म्हणजे निदान नव्हे. सगळीकडे पसरलेला दाणेदार पांढुरका पडदा प्लास्टरचा आहे. त्याच्याआड हाडातली बारीक वीण झाकली जाते आणि वाचायला मुख्यतः हाडाच्या कडाच उरतात. रेघ रुंदावण्याचे म्हणाल, तर मोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत टोकांवरचे निर्जीव झालेले हाड शरीर शोषून घेते, त्यामुळे फट आधीपेक्षा ठळक दिसणे हा अनेकदा भरून येण्याच्या वाटेवरचाच टप्पा असतो. त्याच काळात भोवती धरणारा कॅलस, म्हणजे तुकडे सांधणारा नवा थर, आधी मऊ असतो आणि त्यात कॅल्शियम साठेपर्यंत एक्स-रेत उमटतच नाही. मुलांमध्ये साधारण दोन-तीन आठवड्यांनी तो मोडलेल्या जागेभोवती ढगासारखा अंधुक दिसू लागतो. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा ही छटा शोधली असेल.

रोहन_सातारा: म्हणजे पांढरा गोळा दिसला की हाड जुळले. मग प्लास्टर काढायला हरकत नसावी.

निवृत्त अस्थितज्ज्ञ: गोळा दिसणे ही सुरुवात झाली. तो एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर सलग पोहोचला आहे का, हे पाहावे लागते. समोरच्या फिल्मवर हाडाच्या दोन कडा दिसतात आणि बाजूच्या फिल्मवर दोन; या चारांपैकी निदान तीन कडांवर पूल बांधला गेला की जुळणी पुरेशी मानण्याचा प्रघात आहे. तरीही शेवटचा शब्द फिल्मचा नसतो. प्लास्टर उतरवून मोडलेल्या जागी बोटाने दाबून पाहतात. तिथे दुखले तर फिल्म कितीही देखणी असली तरी थांबतात.

मुक्ता: चारांपैकी तीन हा हिशेब कागदावर नेटका वाटतो. मी एक्स-रे विभागात काम करते. प्लास्टरमधून घेतलेल्या एकाच फिल्मवर एक डॉक्टर दोन कडा जुळल्या म्हणतात आणि दुसरे तीन, असे मी पाहिले आहे.

शिरीष: माझ्या हाताला प्लेट बसवून तीन महिने झाले आणि असा गोळा अजिबात दिसत नाही. हाड भरतच नाही की काय?

निवृत्त अस्थितज्ज्ञ: शिरीषराव, आपला प्रश्न वेगळा आहे. प्लेटने टोके घट्ट आवळून धरली की हाड गोळा न करताही भरू शकते आणि रेघ हळूहळू पुसट होत जाते. म्हणून गोळा नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. आपल्या हाताचे आपल्या सर्जनलाच विचारावे.

आभाताई, वाकाबद्दल मात्र विचारण्याजोगा प्रश्न आहे. सूज उतरली की प्लास्टर आतून सैल पडते आणि बसवलेले हाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सरकण्याचा संभव अधिक असतो. म्हणून आजची फिल्म हाड बसवल्या दिवशीच्या फिल्मशेजारी लावून कोन वाढला का, हे डॉक्टरांना विचारा. लहान मुलांत मनगटाजवळचा वाक वाढीबरोबर बराच सुधारतो, मधल्या भागातला कमी, आणि हाडाला पडलेला पीळ सहसा सुधारत नाही. तो पीळ फिल्मवर चटकन लक्षातही येत नाही. आणि बोटे बधिर झाली, निळसर पडली किंवा कळा वाढत गेल्या, तर एक्स-रेची चर्चा सोडून तत्काळ रुग्णालय गाठा.

आभा: आत्ता दोन्ही फिल्म शेजारी धरल्या. पहिलीत मनगट सरळ आहे आणि दुसरीत थोडे वळलेले, म्हणजे हात एकाच स्थितीत नव्हता. मग कोन ताडायचा तरी कसा?

वसंत: मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.

मुक्ता: मूळ डिजिटल प्रतिमा मागून घ्या, त्यांवर कोन मोजता येतो. हात वळलेला असेल तर मात्र ते मोजमापही फसवू शकते. त्यासाठी एक्स-रे पुन्हा घ्यावा की नाही, हे डॉक्टरांवर सोडा.