पूर्वपरीक्षेच्या अहवालात ‘नापास’ लिहायचं की नाही?

वर्गशिक्षक_दहावी: शाळेने सांगितलंय की दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतर पालकांना जाणाऱ्या अहवालात ‘नापास’, ‘दुर्दैवाने’, ‘समस्या’, ‘अपयश’ हे शब्द नकोत, विधायक भाषा हवी. हेतू पटतो. पण गणितात ३० गुण पडलेल्या मुलाच्या पालकांना परिस्थिती नेमकी कळेल असं कसं लिहायचं? की हा नियमच चुकीचा आहे?

स्पष्टवक्ता: नियमच चुकीचा. बोर्डाने दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला, तेव्हा काय झालं ते आठवा. ज्याने तो शेरा पहिल्यांदा वाचला त्याला मूल पास झालं की नाही हेच कळेना. ‘पात्र’ म्हटलं की माणसाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. पालक कमी शिकलेले असतील तर ‘नापास’ हा एकच शब्द त्यांना कुणाला न विचारता कळतो. तोच काढून घेऊ नका.

खडूफळा: बोर्डाच्या शेऱ्याबद्दल सहमत. तिथे शब्द बदलताना माहितीही गेली. पण म्हणून सगळी विधायक भाषा वाईट ठरत नाही. अहवालात चार गोष्टी राहिल्याच पाहिजेत: मिळालेले गुण, लागणारे गुण, गुण कुठे गेले, आणि परीक्षेपर्यंत काय करायचं. त्या असतील तर मुलाविषयीचा निवाडा खुशाल काढा. यातली एक जरी गळली तर शब्द कितीही गोड असो, ती लपवाछपवीच.

आता तुमचं ३० गुणांचं उदाहरण घेऊ. नेहमीचा मजकूर असा असतो: ‘दुर्दैवाने आपला पाल्य गणितात नापास झाला आहे. त्याला भूमितीत समस्या आहे. लक्ष द्यावे.’ यात पालकाच्या उपयोगाचं फक्त ‘नापास’ एवढंच आहे. किती गुण कमी पडले हे नाही, समस्या कोणती हे नाही, आणि लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं हेही नाही. शाळेला अपेक्षित असलेला मजकूर बहुतेक असा होईल: ‘गणितात सुधारणेस भरपूर वाव आहे, प्रयत्न सुरू ठेवावेत.’ हा पहिल्याहून वाईट, कारण ९० गुणांच्या मुलालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. मी असं लिहीन:

‘गणित: लेखी ८० पैकी १७, अंतर्गत २० पैकी १३, एकूण ३०. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ लागतात, म्हणजे आज ५ गुण कमी आहेत आणि बोर्डात हेच गुण पडले तर विषय राहू शकतो. बीजगणितात ४० पैकी ११: वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ आहे, पण ऋण संख्येचा वर्ग करताना चिन्ह चुकतं. भूमितीत ४० पैकी ६: रचनांचे प्रश्न कोरे सोडले आहेत. परीक्षेपर्यंत रोज एक रचना आणि दोन वर्गसमीकरणं सोडवावीत. वही दर शनिवारी शाळेत तपासली जाईल.’

प्रमेय: यातली ‘चिन्ह चुकतं’ ही ओळ सगळ्यात मोलाची, पण ती लिहायला उत्तरपत्रिका उघडावी लागते. x² − 5x + 6 = 0 घ्या. b² − 4ac काढताना मुलं (−5)² च्या जागी −25 लिहितात, वजा 24 करतात, −49 येतं आणि ‘मुळे वास्तव नाहीत’ लिहून मोकळी होतात. खरं उत्तर 25 − 24 = 1, मुळे 2 आणि 3. पूर्ण पद्धत माहीत असूनही अर्ध्याहून जास्त गुण जातात. अशा मुलाला ‘गणितात कच्चा’ म्हणणं कठोर तर आहेच, शिवाय चूकही आहे. त्याचा दोष एका पायरीत आहे. माझ्या लेखी विधायक भाषेचा खरा उपयोग इथे आहे: ‘समस्या’ हा शब्द वगळायचं ठरवलं की तिच्या जागी नेमकं काय चुकतंय ते शोधून लिहावंच लागतं.

पालक_ठाणे: पण आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा सरकारचा नियमच आहे ना? मग शाळेला दोष कशाला? माझी मुलगी सहावीत आहे, तिच्या प्रगतिपुस्तकात दरवेळी ‘सुधारणा आवश्यक’च्या खाली ‘वाचन वाढवावे’ एवढंच येतं. काय वाचायचं, किती वाचायचं, काही नाही.

खडूफळा: तो विषय वेगळा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातली ती तरतूद वरच्या वर्गात पाठवण्याबद्दल होती, २०१९च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीपुरती बदललीही. इथे प्रश्न दहावीचा आणि अहवालातल्या भाषेचा आहे. पण तुमचं प्रगतिपुस्तकाचं उदाहरण अगदी मुद्द्याला धरून आहे. २०१० पासून आपल्याकडे वर्णनात्मक नोंदी आल्या, त्यामागचा विचार चांगला होता. झालं असं की पन्नास मुलांच्या नोंदी एका बैठकीत भरायच्या, म्हणून दहा-बारा तयार वाक्यं फिरू लागली. नोंद झाकून मुलाचं नाव ओळखता येत नसेल तर ती नोंद तयार वाक्याची आहे असं समजा. शिक्षिकेला एवढंच विचारा: ‘मोठ्याने वाचताना अडते, की वाचलेलं समजत नाही?’ दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

स्पष्टवक्ता: खडूफळा यांचा मसुदा चांगला आहे, मान्य. पण बघा, त्यांनीही ‘विषय राहू शकतो’ लिहिलंच! म्हणजे कठोर माहिती देणारा शब्द लागतोच. मग ‘नापास’ने काय बिघडतं?

खडूफळा: ‘विषय राहू शकतो’ विषयाबद्दल आहे, ‘नापास मुलगा’ मुलाबद्दल. शिवाय पूर्वपरीक्षेत कुणी नापास होतच नाही, तो निकाल बोर्ड देतं. शाळेने तो शब्द वापरणं वस्तुस्थितीलाही धरून नाही. ‘दुर्दैवाने’ मात्र बिनदिक्कत काढा, पर्यायी शब्द शोधूच नका. कोऱ्या सोडलेल्या रचनेत दैवाचा संबंध नाही, आणि तो शब्द काढला तर कुठलीच माहिती कमी होत नाही.

समुपदेशन_कक्ष: क्रमाबद्दल एक सांगते. पालक बहुतेकदा पहिली दोन वाक्यं वाचतात आणि मुलाला हाक मारतात. त्यामुळे ‘मेहनती आहे, वर्गात शांत असतो’ अशी सुरुवात करून ३० गुण पाचव्या वाक्यात टाकू नका. कौतुक आधी आणि आकडा शेवटी, ही विधायक म्हणून शिकवली जाणारी रीत इथे घातक ठरते: पालक निर्धास्त राहतात आणि मार्चमध्ये शाळेला विचारतात, ‘आधी का नाही सांगितलं?’ आकडा पहिल्या ओळीत, उपाय लगेच त्याखाली. कौतुक करायचं तर तेही खरं आणि तपासता येईल असं हवं, उदाहरणार्थ ‘सूत्र पाठ आहे’. वरच्या मसुद्यात ते बरोबर जमलंय.

स्पष्टवक्ता: क्रमाचा मुद्दा पटला. पण अहवाल वाचता न येणारे पालक असतात, ते शेजारच्याला विचारतात, ‘पास की नापास?’ त्यांना ‘५ गुण कमी’ म्हणजे थोडक्यात सुटेल असं वाटतं. त्यांच्यासाठी मी तरी वर्गशिक्षकांनी तोंडी, सरळ ‘आज परीक्षा असती तर नापास झाला असता’ असंच सांगावं या मताचा आहे.

समुपदेशन_कक्ष: पालकांना एकट्यात सांगा, मुलासमोर नको. शब्दाबद्दल माझं मत अजून पक्कं नाही.

वर्गशिक्षक_दहावी: मसुदा मुख्याध्यापकांना दाखवतो. अडचण वेळेची आहे: दोन तुकड्या, गणितात मागे असलेली तेवीस मुलं. प्रत्येकाची उत्तरपत्रिका पुन्हा उघडायला वेळ कुठून आणू?

प्रमेय: तेवीसही उघडू नका. ज्यांना ८ पर्यंत गुण कमी आहेत त्यांच्याच आधी उघडा. तपासतानाच समासात ‘चिन्ह’, ‘कोरं’, ‘कारण नाही’ अशा खुणा केल्या तर अहवालाच्या वेळी पान उलटलं की पुरतं. बाकीच्यांना निदान चार गोष्टींपैकी पहिल्या दोन द्या आणि पालकांना भेटीला बोलवा.