सभेत ऐकलेलं गाणं ओळखायचं कशावरून: ध्रुवपद की गायकी?

वाटसरू: 14 एप्रिलच्या सभेत डफावर एक पोवाडा झाला. दर कडव्यानंतर "...सांगून गेले मला भीमराव" यायचं आणि मागचे दोघे "जी जी" करायचे. ओळीचा पहिला अर्धा भाग कर्ण्यात विरला. गायक चढ्या आवाजात शब्द तोडून तोडून फेकत होता. एवढ्यावरून पोवाड्याचं नाव आणि कवी सांगता येईल का?

निळी_पहाट: जय भीम. वामनदादा कर्डक, दुसरं कोण? ध्रुवपदात भीमराव आणि मागे समूह म्हटलं की नव्वद टक्के वेळा तेच. गाणं नेहमी ध्रुवपदावरून ओळखावं. गायकी काय, प्रत्येक पथकाची वेगळीच असते.

तुणतुणं: वामनदादा नव्हेत. हे अण्णा भाऊ साठ्यांचं "जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मला भीमराव". कुठे कुठे "मला"च्या जागी "मज" म्हणतात, पण गाणं तेच.

ध्रुवपदावरून ओळखायचं हे ठीक, पण ध्रुवपदाचा कुठला अर्धा भाग? बऱ्याच पथकांत पहिला अर्धा भाग मुख्य गायक एकटा म्हणतो आणि दुसरा साथीदार मिळून उचलतात. चार गळ्यांचा आवाज कर्ण्यातून स्पष्ट येतो, म्हणून लोकांच्या कानात दुसरा भाग राहतो. गंमत अशी की नेमका तोच भाग ओळखायला कमी कामाचा. भीमराव, भीमाई, भीम माझा हे शब्द शेकडो गाण्यांच्या ध्रुवपदात आहेत. "जग बदल" मात्र एकाच ठिकाणी सापडेल. छापील पुस्तिकांची अनुक्रमणिकाही पहिल्या शब्दांवरून लावलेली असते, त्यामुळे शेपूट धरून शोधायला गेलात तर पानं उलटत बसाल.

कोपऱ्यातला: शीर्षक सापडलं, पण मूळ मुद्दा सुटला. डफ आहे, जी जी आहे, म्हणजे पोवाडा. भीमगीताला ढोलकी आणि पेटी लागते. शिवाय पोवाड्याला ध्रुवपद नसतंच, तो सरळ कथा सांगत जातो. तेव्हा ओळख गायकीवरूनच करायला हवी.

तुणतुणं: अर्धं पटतं. पण ध्रुवपद नसतं हे कुणी सांगितलं? जोतीराव फुल्यांचा 1869 चा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा काढून बघा. "कुळवाडी-भूषण पवाडा गातो भोसल्याचा, छत्रपती शिवाजीचा" ही ओळ पुन्हा पुन्हा येतेच. फरक ध्रुवपद असण्या-नसण्यात नसून दोन ध्रुवपदांच्या मध्ये काय घडतं त्यात आहे. पोवाड्यात मधला भाग लांबत जातो, प्रसंग पुढे सरकतो, शाहीर मध्येच थांबून गद्यात बोलतो, लढाई आली की लय चढते. पोवाड्याच्या एका भागात, म्हणजे चौकात, सैन्य निघालं तर पुढच्यात ते पोहोचलेलं असतं. गीतात कडवी साधारण सारख्या मापाची असतात आणि दुसरं आधी म्हटलं, पहिलं नंतर, तरी फारसं बिघडत नाही.

वाटसरू, तुम्ही ऐकलं त्यात कुठली घटना पुढे गेली का? कोण कुठे गेला, कोण पडला, असं काही? नसेल तर डफ आणि जी जी असूनही ते गीत. जी जी ही झीलकऱ्यांची, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांची, सवय आहे, ती ते कशालाही जोडतात.

वाटसरू: घटना नव्हती. कोणाला तरी "ऊठ, बाहेर ये" असं सांगत होता. "चिखलात" हा शब्द आठवतो.

तुणतुणं: मग शंकाच नको. पहिलं कडवं: "गुलामगिरीच्या या चिखलात, रुतून बसला का ऐरावत", आणि शेवटी "घे बिनीवरती धाव". आता यमकं बघा: घाव, भीमराव, धाव. गायकाला कडव्यातून ध्रुवपदावर परतायचं असतं, म्हणून कडव्याची शेवटची ओळ त्याच यमकाची असते. ध्रुवपद ऐकू आलं नाही, तरी कडव्याचा शेवटचा शब्द पकडला की ध्रुवपद कुठल्या अक्षरावर संपतं ते कळतं.

वामनदादांच्या "भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते" याच्याशी ताडून बघा. तिथे पुढची ओळ "न्यारेच टोक असते" अशी संपते. म्हणजे "असते" कायम, आणि त्याच्या आधीचं लोक, टोक हे जुळतं. हा साचा गझलेच्या अंगाचा आहे. दोन्ही गाण्यांत भीम आहे, दोन्हींमागे समूह असू शकतो, पण ओळी संपतात कशा हे ऐकलं तर गफलत होणार नाही.

मोबाइलवाला: एवढा खटाटोप कशाला? गाणं ओळखणारं ॲप लावायचं. मी हळदीतल्या भीमगीताला लावलं होतं, पण त्याने भलतंच हिंदी सिनेमाचं गाणं दाखवलं. ते का होतं कोणी सांगेल का?

निळी_पहाट: कारण सिनेमाच्या चालींवर बांधलेली भीमगीतं ढिगाने आहेत. पुस्तिकेत गाण्याच्या डोक्यावर "चाल:" म्हणून मूळ गाणं छापलेलंही असतं.

तुणतुणं: ते खरं, पण ही ॲपं मुख्यतः ध्वनिमुद्रण जुळवतात. समोर उभं राहून गायलेल्याला ती चुकतात किंवा गप्प बसतात. हळदीत बहुधा बँजोवर मूळ चालच वाजत असेल. चालीवरून भीमगीताचं नाव ठरवू नका, एका चालीवर दहा गाणी बसतात. रेकॉर्डिंग करायचंच तर ध्रुवपदाचं नको. कडव्याच्या सुरुवातीपासून ध्रुवपदावर परत येईपर्यंतचं साधारण 40 सेकंद घ्या, आणि कर्ण्याच्या तोंडासमोर न उभं राहता बाजूला सरका. समोर आवाज फाटतो आणि व्यंजनं जातात. मग शोधताना "भीमराव" टाकू नका, "ऐरावत" टाका. कडव्यातला विचित्र शब्दच खरा कामाचा.

शेवटचं_कडवं: सगळ्यात भरवशाची खूण कोणी बोललंच नाही: नाममुद्रा. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत अखेरच्या कडव्यात "वामन" येतो. अफझलखानाच्या वधाचा जुना पोवाडाही अज्ञानदासाच्या नावानेच ओळखला जातो. यमकं मोजत बसण्यापेक्षा शेवटपर्यंत थांबा.

तुणतुणं: थांबा, पण भरवसा ठेवू नका. सभेत पुढचा वक्ता आला की पहिली कात्री शेवटच्या कडव्यावर पडते. दोन कडवी, ध्रुवपद, घोषणा आणि संपलं. शिवाय काही गायक मुद्रेच्या जागी स्वतःचं नाव घालतात. नाव आलं नाही म्हणजे कवी अज्ञात असंही नाही. त्यापेक्षा पेटीवाल्याला विचारा, गाण्यांची वही बहुधा त्याच्यापाशी असते आणि तिच्यात कवीचं नाव असतं.

शेवटचं_कडवं: वहीतली नावं दहा वेळा उतरवून काढलेली असतात. त्यात वामनदादांच्या नावावर दुसऱ्यांची गाणी खपतात. निळी_पहाट यांनी पहिल्याच उत्तरात तेच केलं. मुद्रा निदान गाण्याच्या आत असते.

कोपऱ्यातला: गायकीवर माझं म्हणणं अजून तेच आहे. शब्द तोडून फेकणं, डफ, चढा सूर ही शाहिरी आहे. अण्णा भाऊ, अमर शेख ही लाल बावटा कलापथकाची परंपरा. त्याला नुसतं भीमगीत म्हणून ढोलकीवरच्या गाण्यांच्या यादीत टाकणं मला खटकतं.

निळी_पहाट: वामनदादांबद्दल चुकलं, मान्य. पण जे गाणं भीमरावांचा सांगावा देतं आणि जयंतीला गायलं जातं ते भीमगीतच. वाद्य कुठलं आहे त्यावर ठरत नाही.

तुणतुणं: शाहिरी गीत म्हणा किंवा भीमगीत, दोन्ही चालेल. पोवाडा मात्र लिहू नका.

कोपऱ्यातला: आमच्याकडे निवेदक डफ दिसला की "आता पोवाडा" असंच पुकारतो. त्याला कोण समजावणार?