प्रतिसाद: घड्याळाचं स्वप्न दिवसा बदलायचं

>"भिंतीवरचं घड्याळ धावतंय, पेपर कोरा. पन्नाशी उलटली, पुस्तक अर्धवट. हे स्वप्न थांबेल का?"

बऱ्याचदा थांबतं. दुःस्वप्नांसाठीची एक उपचारपद्धत इथे लागू पडते: स्वप्न जागेपणी बदलून त्याची उजळणी करायची. दिवसा ते वर्तमानकाळात लिहून काढा. मग एकच गोष्ट बदला. उदाहरणार्थ, पर्यवेक्षक घड्याळ उतरवून टेबलावर पालथं ठेवतात आणि तुम्ही पहिली ओळ लिहिता. पेनाचा स्पर्श, शाईचा वास यांसह हे नवं दृश्य रोज १० ते २० मिनिटं डोळे मिटून पाहा. जुना शेवट घोळवू नका. नाहीतर सराव भीतीचाच होतो. फरक दिसायला काही आठवडे लागतात.

पुस्तकाची रुखरुख वेगळी हाताळा. २०१८ च्या बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी ५ मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. म्हणून 'पुस्तक संपवणे' असं लिहू नका. 'तिसऱ्या प्रकरणातला बाजाराचा प्रसंग, दोन पानं' असं लिहा.

रात्री जाग आली तर घड्याळ पाहू नका. स्वप्नात ओरडणं, हातपाय झाडणं होत असेल तर मात्र निद्रातज्ज्ञांना दाखवाच.